प्रसूती रजेवरून परतताना टीमला पाठवायचा मेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रजा संपत आली की मैत्रिणींचे फोन येऊ लागतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून इथे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. पुण्याजवळच्या एका कारखान्यातला अकाउंट्स विभाग. मेघा तिथे जीएसटी आणि पुरवठादारांची पेमेंट्स बघते. ६ एप्रिलला तिची २६ आठवड्यांची रजा सुरू झाली आणि सोमवारी, ५ ऑक्टोबरला ती परत रुजू होते आहे. नावं काल्पनिक आहेत, काम मात्र अशा विभागात खरोखर असंच चालतं.

‘मी सोमवारपासून येते आहे, सर्वांचे आभार’ एवढ्या दोन ओळी पुरत नाहीत का?

तुमचं काम कोणी हातात घेतलंच नसेल तर पुरतात. पण सहा महिने काम थांबत नाही. मेघाचं काम तिघांच्या हातात गेलं : जीएसटी महेशदादांकडे, पेमेंट्स फरीदाताईंकडे आणि प्रवास खर्चाची बिलं सुप्रियाकडे. पुरवठादारांनी त्या तिघांचे मोबाइल नंबर साठवले, स्टोअरवाले थेट त्यांनाच बिलं देऊ लागले. सोमवारी मेघा आपल्या खुर्चीवर येऊन बसली, की अडलेल्या पेमेंटचं कोणाला विचारायचं हे कोणालाच ठाऊक नसतं. तिला विचारलं तर तिला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याला वाटतं, आता ती आली, आपलं काम संपलं.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते. आभार आणि अपेक्षा वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवू नका, एका कामाबद्दलचं दोन्ही एकाच जागी लिहा : हे काम आजवर कोणी केलं, काय केलं, आणि अमुक तारखेपासून ते कोणाकडे. असं लिहिलं की आभार नुसती औपचारिकता राहत नाहीत आणि अपेक्षा हुकमासारख्या वाटत नाहीत. वाचणाऱ्यालाही जे हवं असतं ते मिळतं, म्हणजे विचारायचं कोणाला.

मेल लिहिण्याआधी कोणाशी बोलायचं?

आधी वरिष्ठांशी, मग ज्यांनी काम सांभाळलं त्या प्रत्येकाशी. टीमला मेल सर्वांत शेवटी. हा क्रम मोडला तर मेल कितीही गोड लिहिला तरी तो कोणाला ना कोणाला लागतो. आपलं काम अमुक तारखेला काढून घेतलं जाणार हे सहकाऱ्याला सगळ्यांबरोबर मेलमधून कळणं बरं नव्हे.

वरिष्ठांकडून रुजू होण्याची तारीख, रोजच्या वेळा आणि कोणतं काम कधी परत घ्यायचं, एवढं पक्कं करून घ्या. वेळांच्या बाबतीत कायदा काय देतो हे माहीत असावं. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यानुसार बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीखेरीज, दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी मिळते आणि त्यासाठी पगार कापता येत नाही. २०१७च्या दुरुस्तीने, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा आली. जेवणाची सुट्टी त्या चारात धरलेली आहे. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करता येतं, पण ते कंपनी आणि तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं असतं. नोव्हेंबर २०२५पासून या कायद्याची जागा २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण तिच्यातही याच तरतुदी आहेत. घरून काम हा हक्क म्हणून लिहून मागे ओढायची वेळ येऊ नये, यासाठी ते आधी बोलून, जमल्यास लेखी घ्या.

सहकाऱ्यांशी बोलताना ‘सध्या तुमच्याकडे माझं काय काय आहे?’ असं सरळ विचारा. तुम्ही रजेवर जाताना दिलेली यादी आणि आजची यादी एक नसते. मेघाने फरीदाताईंकडे फक्त पेमेंट्स दिली होती. मध्ये कुरिअर आणि वाहतूकदारांची बिलंही त्यांच्याकडे येऊन पडली. हे कळलं नसतं तर ते काम मेलमध्ये आलंच नसतं आणि पुढे दोघींनीही ते धरलं नसतं.

आभार मानताना काय लिहायचं? ‘मोलाचं सहकार्य’ सोडून काही सुचत नाही.

कामाचं नाव लिहा. ‘सर्वांनी मोलाचं सहकार्य केलं’ हे वाक्य सत्काराच्या भाषणातलं आहे. ज्याने काम केलं नाही त्यालाही ते लागू पडतं. ‘महेशदादांनी एप्रिलपासून प्रत्येक महिन्याचं विवरणपत्र वेळेत भरलं, आणि ज्या पुरवठादारांची बिलं टू-बीमध्ये दिसत नव्हती त्यांना एकेक फोन करून ती दाखल करून घेतली’ हे वाक्य दुसऱ्या कोणालाही लागू पडत नाही. जीएसटीचं काम करणाऱ्याला त्यामागचे कष्ट लगेच समजतात. पुरवठादाराने त्याच्या विवरणपत्रात बिल दाखवलं नाही तर ते आपल्या टू-बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या खरेदीच्या बिलांच्या यादीत, येत नाही आणि त्यावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घेता येत नाही. टू-बी १४ तारखेला येतं, थ्री-बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, २० तारखेपर्यंत भरायचं. मधल्या पाच-सहा दिवसांत ही सगळी फोनाफोनी चालते.

हे तपशील कुठून आणायचे? सहकाऱ्याला विचारा, ‘सगळ्यात जास्त त्रास कशात झाला?’ माणूस स्वतःची कामं मोजून सांगत नाही, पण त्रास सांगतो, आणि आभाराची खरी जागा तीच असते. वरिष्ठांनाही विचारून बघा. पुष्कळदा त्यांना एखादी अशी गोष्ट माहीत असते जी करणाऱ्याने कोणाला सांगितलेली नसते.

ज्यांचं नाव कामाच्या यादीत नव्हतं त्यांना विसरू नका. रजेच्या आधी शेवटच्या आठवड्यांत तुमच्या वाटच्या कारखान्यातल्या फेऱ्या कोणी मारल्या? तात्पुरता माणूस घेतला असेल आणि तो आता निघून गेला असेल, तर त्याला वेगळा मेल किंवा फोन करा. तो या टीमच्या मेलवर नसतो आणि त्याचे आभार नेमके राहून जातात.

एक आग्रह मात्र आहे. माफी मागू नका. ‘माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना त्रास झाला’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज लिहिलं जातं. रजा तुम्ही कोणाकडून उसनी घेतलेली नव्हती. असं लिहिलं की पुढची मुलगी रजा मागताना आधीच संकोचते, आणि सहकाऱ्याने कौशल्याने केलेलं काम निव्वळ ‘त्रास’ होऊन बसतं.

एवढे आभार मानले की सहकाऱ्याचं देणं फिटलं का?

नाही. ज्यांनी स्वतःचं काम सांभाळून तुमचंही केलं, त्यांच्या मूल्यमापनात ते दिसलं पाहिजे. टीमच्या मेलखेरीज वरिष्ठांना वेगळा मेल पाठवा आणि त्यात प्रत्येकाने काय केलं ते तपशिलाने लिहा. ‘सप्टेंबरच्या ऑडिटच्या धावपळीतही पुरवठादारांचं एकही पेमेंट चुकलं नाही, ते फरीदाताईंमुळे’ हे वाक्य मार्च-एप्रिलमध्ये पगारवाढीच्या चर्चेत उपयोगी पडतं. तोपर्यंत इतर कोणाच्या ते लक्षात राहणार नाही. तुम्ही करू शकता ती सर्वांत खरी परतफेड हीच, असं मला वाटतं.

कामं पहिल्याच दिवशी परत घ्यायची की हळूहळू?

कामाच्या जातीवर आहे. महिन्याच्या चक्राने चालणारं काम तारखेने परत घेऊ नका, महिन्याने घ्या. सप्टेंबरच्या नोंदी महेशदादांनी केल्या आहेत. त्या महिन्याचं विवरणपत्र ऑक्टोबरमध्ये भरलं जातं. मेघाने ५ तारखेला येऊन ते मध्येच हातात घेतलं, तर कोणत्या बिलाचं क्रेडिट मुद्दाम थांबवून ठेवलं आहे आणि कोणतं चुकून राहिलं आहे हे तिला कळणार नाही. एखादं बिल दोनदा धरलं जाण्याचा धोकाही असतो. म्हणून सप्टेंबरचं महेशदादा पूर्ण करतात, मेघा बाजूला बसून बघते, आणि ऑक्टोबरच्या नोंदींपासून ते तिचं.

आठवड्याच्या चक्राचं काम लवकर घेता येतं. पेमेंट्स दर गुरुवारी सुटतात. पहिला गुरुवार, ८ तारीख, फरीदाताई करतील. १५ तारखेपासून मेघा. इथे एक साधी गोष्ट हमखास राहून जाते : बँकेच्या पोर्टलवरचं तुमचं लॉगिन. लांब रजेवरच्या माणसाचं लॉगिन बंद ठेवणं योग्यच आहे, पण ते पुन्हा चालू करायला अधिकृत सहीचं पत्र लागतं आणि काही दिवस जातात. मेलमध्ये तारीख लिहिण्याआधी ते चालू झालं का ते बघा. नाहीतर १५ तारखेला नाव तुमचं असेल आणि पेमेंट टाकत फरीदाताईच बसतील.

काही कामं परत घेऊच नयेत. सुप्रिया ही शिकाऊ मुलगी. प्रवास खर्चाची बिलं तिच्याकडे दिली होती. तिने नियम लावला की बिलं शुक्रवारपर्यंत आली तरच पुढच्या आठवड्यात पैसे. रोजची किरकिर थांबली. तिला ते काम आवडतं, जमतं. वरिष्ठांची संमती असेल तर ते तिच्याकडेच राहू द्या आणि मेलमध्ये स्पष्ट लिहा. तुमच्या माघारी बदललेली पद्धत चांगली असेल तर ती तशीच ठेवल्याचंही लिहा. आभाराच्या चार शब्दांपेक्षा करणाऱ्याला त्याचं अप्रूप जास्त असतं.

स्तनपानाच्या किंवा दूध काढण्याच्या वेळा मेलमध्ये लिहाव्यात का? संकोच वाटतो.

वेळ लिहा, कारण लिहायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. ‘रोज साडेअकरा ते पावणेबारा आणि साडेतीन ते पावणेचार मी जागेवर नसेन’ एवढं पुरतं. कॅलेंडरवरही त्याच वेळा अडवून ठेवा, म्हणजे मीटिंग लावणाऱ्याला मेल आठवावा लागत नाही.

या वेळा ‘साधारण’ किंवा ‘जमेल तसं’ म्हणून लिहू नका. ही वेळ पुढे ढकलत नेता येत नाही. दूध काढायला उशीर झाला की छाती दुखते, गाठी होतात, आणि सतत वेळ चुकत गेली तर दूध कमी होऊ लागतं. काढलेलं दूध साधारण २५ अंश तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, तेव्हा ऑफिसच्या फ्रिजमध्ये जागा आणि आतून कडी लागणारी खोली हवी. पण हे टीमच्या मेलमध्ये नको, एचआरशी बोलून आधीच ठरवा.

एखादा पूर्ण नमुना मिळेल का?

मेघाचा मेल असा :

विषय : ५ ऑक्टोबरपासून रुजू होत आहे – कोणतं काम कोणाकडे आणि माझ्या वेळा

नमस्कार मंडळी,

सोमवार, ५ ऑक्टोबरपासून मी कामावर येत आहे. बाळ आणि मी दोघंही छान आहोत. तुम्ही सगळ्यांनी वेळोवेळी चौकशी केलीत, बरं वाटलं.

जीएसटी : महेशदादांनी एप्रिलपासून प्रत्येक विवरणपत्र वेळेत भरलं. टू-बीमध्ये न दिसणाऱ्या बिलांसाठी त्यांनी पुरवठादारांना एकेक फोन केला, म्हणून आपलं क्रेडिट अडकून राहिलं नाही. दादा, मनापासून आभार. सप्टेंबरचं विवरणपत्र तेच पूर्ण करतील, तेव्हा २० ऑक्टोबरपर्यंत जीएसटीचं त्यांनाच विचारा. ऑक्टोबरच्या बिलांपासून माझ्याकडे या.

पुरवठादारांची पेमेंट्स : फरीदाताईंनी बँक जुळवणीचं स्वतःचं काम सांभाळून दर गुरुवारी पेमेंट्स सोडली; कुरिअर आणि वाहतूकदारांची बिलंही त्यांनीच बघितली. ऑडिटच्या दिवसांतही यात खंड पडला नाही. ताई, हे सोपं नव्हतं, मला माहीत आहे. ८ तारखेची पेमेंट्स त्या करतील. १५ ऑक्टोबरपासून ही सगळी बिलं माझ्याकडे.

प्रवास खर्च : सुप्रियाने लावलेला शुक्रवारचा नियम उत्तम चालला आहे. सरांशी बोलून हे काम कायमचं तिच्याकडेच ठेवलं आहे. सुप्रिया, खूप आभार आणि अभिनंदन.

माझ्या वेळा : साडेनऊ ते सहा. रोज साडेअकरा ते पावणेबारा आणि साडेतीन ते पावणेचार मी जागेवर नसेन. डिसेंबरअखेरपर्यंत बुधवारी घरून काम करेन. सहानंतर फोन घेता येणार नाही. पेमेंटचं तातडीचं काही असेल तर सरांना फोन करा.

रजेच्या काळातले सगळे मेल मी वाचणार नाही. त्यातलं काही अजून अडलेलं असेल तर ९ ऑक्टोबरपर्यंत मला पुन्हा पाठवा.

सोमवारी भेटूच.
मेघा

‘सगळे मेल मी वाचणार नाही’ ही ओळ उद्धट वाटणार नाही का? सगळे मेल वाचायलाच हवेत ना?

सहा महिन्यांचे मेल वाचत बसलात तर पहिला आठवडा त्यातच जातो, आणि त्यातले बहुतेक विषय केव्हाच मिटलेले असतात. वाईट म्हणजे जून महिन्यातल्या एखाद्या मेलला तुम्ही ऑक्टोबरमध्ये उत्तर देता आणि मिटलेलं प्रकरण पुन्हा उघडतं. ‘अडलेलं पुन्हा पाठवा’ म्हटलं की खरोखर अडलेलंच येतं. फक्त तारीख द्या. सरकारी नोटिसा आणि ऑडिटरचे मेल मात्र स्वतः शोधून बघा, त्यांच्याकडून ‘पुन्हा पाठवा’ची अपेक्षा धरता येत नाही.

मेल कधी पाठवायचा?

रुजू होण्याच्या आधीच्या गुरुवारी किंवा शुक्रवारी, म्हणजे सोमवार उजाडण्याआधी वाचला जातो. आपल्या उदाहरणात शुक्रवारी २ ऑक्टोबर, गांधी जयंतीची सुट्टी आहे, म्हणून गुरुवार, १ तारीख. ऑफिसचा मेल अजून सुरू झाला नसेल तर मजकूर वरिष्ठांना देऊन त्यांच्याकरवी पाठवा. वरिष्ठांच्या नावाने गेलेल्या वेळापत्रकाला वजनही जास्त असतं. रजेवर असताना लावलेलं आपोआप जाणारं उत्तर रुजू होताच काढा.

मराठीत लिहायचा की इंग्रजीत?

टीम एरवी ज्या भाषेत मेल लिहिते त्याच भाषेत. टीममध्ये एकजण जरी मराठी न वाचणारा असेल तर सगळ्यांना कळेल तेच बरं. आभार मात्र ज्याच्याशी मराठीत बोलता त्याला मराठीतच, समोर जाऊन माना.

बाळाबद्दल किती लिहायचं?

एक ओळ. फोटो व्हॉट्सॲपवर. प्रसूती कशी झाली, घरी कोण सांभाळतं, याचा खुलासा कोणालाही द्यायची गरज नाही. टीममध्ये कोणी मुलासाठी उपचार घेत असेल, कोणाचं नुकतंच काही बिनसलं असेल. लांबलचक वर्णन टाळायला तेवढं कारणही पुरेसं आहे.

परत आल्यावर माझं काम बदललेलं दिसलं तर ते या मेलमध्ये लिहू का?

नाही. टीमच्या मेलमध्ये फक्त ठरलेलं लिहावं. न ठरलेलं किंवा न पटलेलं वेगळ्या मेलने वरिष्ठ आणि एचआरला लिहा : रजेआधी माझ्याकडे काय होतं, आता काय आहे, हा बदल कोणी आणि कधी ठरवला. मातृत्व लाभाच्या रजेवर असताना स्त्रीला कामावरून काढणं किंवा तिच्या सेवाशर्ती तिला तोट्याच्या होतील अशा बदलणं कायद्याला मान्य नाही, त्यामुळे लेखी नोंद असणं महत्त्वाचं. आणि काम सांभाळणाऱ्या सहकाऱ्यावर राग काढू नका. बहुतेक वेळा तो निर्णय त्याचा नसतो.

मेल पाठवला आणि आदल्या दिवशी तब्येत बिघडली तर?

लगेच दोन ओळींचा मेल : नवी तारीख, आणि तोपर्यंत सगळी कामं आत्ता ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडेच. अर्धी तुमच्याकडे, अर्धी त्यांच्याकडे असं ठेवू नका. गरोदरपण, बाळंतपण किंवा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमुळे आलेल्या आजारपणासाठी, डॉक्टरांचा दाखला दिल्यास, एक महिन्यापर्यंत जास्तीची पगारी रजा मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. त्याबद्दल एचआरशी बोला.

मेल नीट पोचला आणि पाळला जातो आहे हे कसं ओळखायचं?

पहिले दोन-तीन आठवडे थोडं लक्ष ठेवा. १५ तारखेनंतरही वाहतूकदार फरीदाताईंना फोन करत असतील, तर मेल फक्त ऑफिसात वाचला गेला, बाहेर पोचला नाही. मग पुरवठादारांना वेगळा मेल पाठवा आणि फरीदाताईंनाही सांगा, की तुम्ही उत्तर देऊ नका, फोन माझ्याकडे वळवा. चांगुलपणाने त्या उत्तर देत राहिल्या तर फोन थांबणार नाहीत. एकाच प्रश्नावर तुम्ही आणि महेशदादा दोघांनाही मेल येत असेल, तर तारीख लोकांच्या लक्षात राहिलेली नाही. तेवढीच ओळ पुन्हा पाठवा. आणि साडेतीनची वेळ अडवलेली असूनही तिथे मीटिंग लागली, तर पहिल्याच वेळी दुसरी वेळ सुचवा. पहिली मीटिंग ‘चालेल’ म्हणून स्वीकारलीत, तर पुढच्या आठवड्यात तीच वेळ सगळ्यांना मोकळी दिसू लागते.

साधारण दीड महिन्याने, मेघाच्या बाबतीत ऑक्टोबरचं विवरणपत्र भरून झाल्यावर म्हणजे २० नोव्हेंबरनंतर, तीन ओळींचा मेल पुन्हा पाठवा : कोणती कामं पूर्ण माझ्याकडे आली, कोणती अजून बाकी आहेत, वेळांत काही बदल आहे का. त्यात महेशदादांचं नाव आणखी एकदा यायला हवं, कारण त्या काळात तिच्या शंकांना उत्तरं देण्यात त्यांचाच वेळ गेलेला असतो.